व्हीएमसी भरलंय, नवी ऑर्डर नाकारायची आहे, पण गिऱ्हाईक तोडायचं नाही. कसं सांगू?

अंबडची_लेक (सोमवार, रात्री ९:४०)

अंबड एमआयडीसीत आमचा छोटा गाळा आहे. तीन सीएनसी लेथ आणि एक व्हीएमसी. वडिलांनी उभं केलं, गेली चार वर्षं मी सांभाळते. सगळं जॉबवर्क. कास्टिंग गिऱ्हाईकाचं, मशिनिंग आमचं.

सिन्नरच्या एका कंपनीचं काम दोन वर्षं करतोय. लॉट छोटे असतात, पण पैसे तारखेला येतात आणि माणसं नीट बोलतात. शुक्रवारी त्यांच्या परचेसच्या साहेबांचा फोन आला. नवीन फ्लँज आहे, ४,००० नग, १५ नोव्हेंबरपर्यंत सगळे हवेत. लेथवर टर्निंग, मग व्हीएमसीवर सहा भोकं आणि एम ८ चं टॅपिंग. माझ्या तोंडून निघालं, "बघते सर, सांगते." मनात तेव्हाच माहीत होतं की व्हीएमसीला श्वास घ्यायला जागा नाही.

आज दुपारी मी बँकेत गेले होते. परत आले तर गेटपाशी टेम्पो रिकामा होऊन गेलेला. ६०० कास्टिंग गोणपाटात बांधून लेथच्या मागे रचून ठेवलेली, आणि आमच्या ऑपरेटरमामांची सही असलेलं चलन टेबलावर. म्हणजे त्यांनी माझं "बघते" हे हो म्हणून धरलं.

वडील म्हणतात, दारात आलेलं काम परत पाठवू नये, दोन लेथ अर्धा दिवस मोकळे असतात आणि तू नाही कसं म्हणतेस. मला मात्र दिसतंय की हे घेतलं तर जुन्या तीन गिऱ्हाइकांच्या तारखा चुकणार. साहेबांना काय सांगू, कोणत्या शब्दांत सांगू? पुढची तारीख देऊ का? की दुसऱ्या कुणाचं नाव सुचवू?

गंगापूररोडकर (सोमवार, रात्री १०:०५)

सरळ दुसरं व्हीएमसी घ्या. काम दारात आलंय तर बँक नाही म्हणणार नाही. सरकारी योजनांत तारण न ठेवता कर्ज मिळतं, माझ्या मेहुण्याने घेतलं. कागदपत्रांची यादी हवी असेल तर देतो.

अंबडची_लेक (सोमवार, रात्री १०:१८)

दादा, धन्यवाद, पण माझा प्रश्न तो नाही. मशीन घ्यायचा विचार वेगळा चालू आहे. आज ठरवलं तरी मशीन येऊन, बसून, त्यावर भरवशाचा सेटर मिळेपर्यंत १५ नोव्हेंबर कधीच उलटून गेलेला असेल. मला या आठवड्यात एका माणसाला उत्तर द्यायचं आहे.

जुना_सातपूरकर (सोमवार, रात्री १०:५०)

ताई, सातपूरला तीस वर्षं प्रॉडक्शन बघितलं, आता निवृत्त आहे. शब्दांचं नंतर बघू. आधी तुमच्या "जागा नाही"ला आकडा आहे का ते सांगा. आकड्याशिवाय नकार दिला की समोरच्याला वाटतं भाव वाढवून हवाय किंवा आपलं काम नकोसं झालंय.

चार गोष्टी लिहा. व्हीएमसी महिन्याला किती तास चालतं, त्यातले किती तास आधीच्या ऑर्डरींना दिलेत, नवीन नगाला व्हीएमसीवर किती वेळ लागेल, आणि सेटिंगला किती. लेथचं सोडून द्या. लेथ मोकळे असले तरी माल व्हीएमसीपाशीच येऊन साचणार आहे. वडिलांना रिकामा लेथ दिसतो, हे स्वाभाविक आहे. पण हा नग लेथवरून उतरून जिथे थांबणार ते मशीन मोजायचं.

अंबडची_लेक (सोमवार, रात्री ११:२५)

काका, बसून काढलं. दोन पाळ्या, जेवण, चहा, इन्सर्ट बदलणं आणि तपासणी वजा करून दिवसाला १४ तास धरते. महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ३६४ तास. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर, दोन्ही महिन्यांना ३१० तास जुन्या पीओंचे आहेत. नवीन फ्लँजला लोडिंग-अनलोडिंगसकट ४ मिनिटं, म्हणजे तासाला १५ नग. फिक्स्चर लावून पहिला नग पास होईपर्यंत ६ तास.

म्हणजे ४,००० नगांना जवळजवळ २६७ तास, वर सेटिंगचे ६. माझ्याकडे महिन्याला उरतात ५४. सेटिंग वजा करून ४८ तास, त्यात ७२० नग होतील. मी विचार करत होते की ऑक्टोबरअखेर ७०० देते म्हणून सांगावं, म्हणजे अगदीच नाही म्हटल्यासारखं होणार नाही.

खटपट्या (सोमवार, रात्री ११:४०)

एवढा हिशेब कशाला? ऑर्डर पूर्ण घ्या. टर्निंग तुमच्या लेथवर करा, भोकं आणि टॅपिंग शेजारच्या गाळ्यातून करून घ्या, माल तुमच्या नावाने पाठवा. अंबडला हे सगळेच करतात. गिऱ्हाईकाला माल मिळाल्याशी मतलब. आणि अगदीच नको असेल तर भाव दीडपट सांगा, आपोआप दुसरीकडे जातील. नाही म्हणायची वेळच येत नाही.

खरेदी_खातं (मंगळवार, सकाळी ७:३०)

मी टेबलाच्या पलीकडचा. नाशिकच्याच एका कंपनीत परचेस बघतो, या ताईंच्या गिऱ्हाईकाची नाही. खटपट्या, तुमचं अर्धं बरोबर आहे. टर्निंग एकीकडे आणि ड्रिलिंग-टॅपिंग दुसरीकडे असं काम चालतं, आम्हीही करून घेतो. पण न सांगता नाही. ड्रॉइंग आमचं असतं, ते तिसऱ्या गाळ्यात आमच्या परवानगीशिवाय जाता कामा नये. शिवाय प्रक्रिया कुठे होणार ते बदललं तर आम्हाला कळवायचं, हे बहुतेक पीओच्या मागच्या बाजूला छापलेलं असतं. ऑडिटला कुणी आलं आणि आमची कास्टिंग अनोळखी शेडमध्ये दिसली, तर त्या व्हेंडरवरचा विश्वास तिथेच संपतो. मग बाकीची कामंही हळूहळू निघतात.

दीडपट भावाचंही सांगतो. एक तर तो भाव आमच्या तुलनापत्रकात कायमचा राहतो आणि पुढच्या वेळी "हे महाग आहेत" म्हणून तुम्हाला विचारलंच जात नाही. दुसरं म्हणजे लाइन थांबायची पाळी आलेली असेल तर मी दीडपटीलाही हो म्हणतो. मग तुम्ही काय कराल? तास तर तेवढेच आहेत.

आणि ताई, "बघते"चं म्हणाल तर चूक तुमच्या साहेबांचीही आहे, पीओशिवाय माल पाठवायला नको होता. पण आमच्याकडे शॉर्टेजची मीटिंग असते, तिथे प्रत्येक पार्टसमोर व्हेंडरचं नाव लागतं. ज्याने नाही म्हटलं नाही, त्याचं नाव लागतं. एकदा नाव लागलं की मी दुसरा शोधत नाही. नवीन व्हेंडर उभा करायचा तर सॅम्पल, तपासणी अहवाल, क्वालिटीची मंजुरी यात आमच्याकडे तीन-चार आठवडे सहज जातात. आज नाही म्हणालात तर त्या माणसाच्या हातात दोन महिने आहेत. ऑक्टोबरच्या शेवटी म्हणालात तर काहीच नाही. नकाराचा राग आम्हाला येत नाही, उशिराचा येतो.

जुना_सातपूरकर (मंगळवार, सकाळी ८:१५)

आता ७०० नगांबद्दल. ताई, ते ३६४ तास कागदावरचे आहेत. त्यात वीज गेली, स्पिंडल गरम झालं म्हणून थांबवलं, टॅप तुटला, एखादा लॉट पुन्हा करावा लागला, सेटर आला नाही, हे कुठे धरलंय? तुमच्याकडे मशीनचं रोजचं रजिस्टर असेल. गेल्या तीन महिन्यांत व्हीएमसी खरोखर किती तास कापत होतं तेवढं बघा. तोच तुमचा आकडा.

अंबडची_लेक (मंगळवार, दुपारी १:१०)

रजिस्टर काढलं. जून ३३८, जुलै ३२५, ऑगस्ट ३४१. एकदाही ३६४ ला पोचलेलं नाही. सरासरी ३३५ धरली तर ३१० वजा जाता २५ तास उरतात. सेटिंगचे ६ गेले की १९ तास, म्हणजे २८५ नग.

हे बघून अंगावर काटा आला. मी साहेबांना ७०० चा शब्द देणार होते.

जुना_सातपूरकर (मंगळवार, दुपारी १:३०)

तर २५० सांगा. वर ३५ नगांची सवड राहू द्या, पहिल्या सेटिंगला चार-दोन कास्टिंग खराब होतातच. २५० ही छोटी गोष्ट समजू नका. नवीन पार्ट आहे म्हणता, तर त्यांनाही जुळणी करून बघायला, त्यांच्या गिऱ्हाईकाकडून पास करून घ्यायला पहिले दोनशे-अडीचशे नग लवकर लागतात.

फराळाची_चूल (मंगळवार, दुपारी २:४५)

तुमचं मशीनचं बोलणं पूर्ण कळलं नाही, पण गोष्ट माझ्याच घरातली वाटली म्हणून लिहिते. सिडकोत आम्ही सात जणी मिळून दिवाळीचा फराळ करतो. दरवर्षी वसुबारसेच्या आधी आठ दिवस फोन सुरू होतात. चिवडा आणि शेव मी तेव्हाही घेऊ शकते, कढई आणि दोन बायका जास्त लावल्या की झालं. पण अनारसे नाही घेता येत. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग सावलीत कोरडे करून दळायचे, गूळ घालून पीठ मुरायला ठेवायचं. पीठ मुरलं नसेल तर तुपात सोडल्यावर अनारसा हसतो, सगळा विरघळून कढईभर होतो. तिथे माणसं वाढवून उपयोग नाही, दिवसच लागतात. म्हणून मी "फराळ बंद झाला" असं सांगत नाही. "अनारसे आता भाऊबीजेनंतर, बाकीचं देते" असं सांगते. लोक ऐकतात.

पण दुसरीचं नाव सुचवताना जपा. तीन वर्षांपूर्वी एका कॉलनीची चकलीची ऑर्डर मला झेपेना, म्हणून ओळखीच्या एका बाईंकडे पाठवली. चकली मऊ पडली. मी त्यात एक रुपया घेतला नव्हता, तरी फोन मलाच आले. त्या कॉलनीतून पुन्हा ऑर्डर आली नाही. त्या बाईंचे लाडू फार चांगले होते आणि मी ते खाल्ले होते. चकली मात्र कधी खाल्ली नव्हती, हे मला नंतर सुचलं.

खरेदी_खातं (मंगळवार, दुपारी ३:२०)

काकू, हे शंभर टक्के. ताई, दुसऱ्या गाळ्याचं नाव देताना तेवढंच सांगा जेवढं तुम्ही स्वतः बघितलंय. "त्यांच्याकडे दोन व्हीएमसी आहेत, आमची टॅपिंगची कामं त्यांनी केली आहेत, बाकी तुम्ही बघून घ्या." त्याआधी त्यांना फोन करून विचारा की ऑक्टोबरमध्ये खरंच तास आहेत का. नाव दिलं आणि तेही भरलेले निघाले तर माझे चार दिवस वाया जातात, आणि मला वाटतं तुम्ही नुसतं टाळलंत. ड्रॉइंग तुम्ही पाठवू नका. दोघांची ओळख करून द्या आणि बाजूला व्हा. ड्रॉइंग, दर, पीओ सगळं त्यांचं त्यांच्यात होऊ द्या.

सिन्नर_फाटा (मंगळवार, सायंकाळी ६:००)

सुट्टीच्या दिवशी चालवून बघा ना. महिन्यातून चार सुट्ट्या, दोन पाळ्या, ५६ तास मिळतात. आमच्याकडे असंच करतात.

अंबडची_लेक (मंगळवार, रात्री ८:४०)

दादा, गेल्या वर्षी सलग तीन सुट्ट्या मोडून बघितलं. सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे कूलंटची टाकी साफ होते, चिप्स निघतात, टॅपची मोजणी होऊन जुने बदलले जातात. ते सगळं राहिलं. तिसऱ्या आठवड्यात रात्रपाळीला टॅप तुटायला लागले. तुटलेला टॅप भोकात अडकला की तो नग बाजूला ठेवायचा, आणि कास्टिंग गिऱ्हाईकाचं असतं. मामा तर मशीनपाशी उभ्या उभ्या पेंगत होते. पुन्हा तो मार्ग घ्यायचा नाही असं मी आणि मामांनी तेव्हाच ठरवलं.

आता पुढच्या तारखेचं. नोव्हेंबरात एक ब्रॅकेटचं काम संपतंय, त्याला महिन्याला १४० तास जातात. म्हणजे डिसेंबरपासून ३१० ऐवजी १७० तासच बांधलेले. ३३५ मधून १७० गेले की १६५ तास मोकळे. पुन्हा सेटिंगचे ६ गेले तर १५९ तास, साधारण २,३८५ नग. डिसेंबरअखेर २,३०० सांगते आणि उरलेले १,४५० जानेवारीत. त्यांना ९७ तास लागतील. बरोबर आहे का?

जुना_सातपूरकर (मंगळवार, रात्री ९:१५)

बरोबर. जानेवारीची तारीख २५ द्या, २० नको. आणि ब्रॅकेटचं काम खरंच संपतंय याची त्या गिऱ्हाईकाकडून आजच खात्री करून घ्या. पुष्कळदा "शेवटचा लॉट" म्हणतात आणि मग आणखी एक पीओ येतो. तो आला तर आधी कुणाला द्यायचं हे आत्ताच ठरवून ठेवा. मी तरी आधी लेखी शब्द दिला त्याला आधी देईन.

अजून एक. तुमचे ऑपरेटर बाहेरचे आहेत का? यूपी-बिहारची मुलं दिवाळीला गेली की छठपूजा करूनच परततात, आणि परतीचं तिकीट मिळेल तेव्हा येतात. डिसेंबरपासून सुरुवात ठेवलीत ते चांगलं. नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात काही कबूल करू नका.

अंबडची_लेक (मंगळवार, रात्री १०:३०)

आमचे दोघे बलियाचे आहेत, तसंच होतं दरवर्षी. ब्रॅकेटवाल्यांना उद्या सकाळी विचारते.

मजकूर लिहिलाय. मेल इंग्रजीतच जाईल, पण आधी मराठीत लिहिलं म्हणजे मला नक्की काय म्हणायचंय ते कळतं. बघा जरा:

"नमस्कार सर, आपण आम्हाला नेहमी काम देता याबद्दल मनापासून आभार. सध्या दिवाळीमुळे आणि आमच्याकडे बऱ्याच मोठ्या कंपन्यांची कामं चालू असल्यामुळे आम्ही खूप व्यस्त आहोत. तरी आपली ऑर्डर शक्य तितक्या लवकर करण्याचा आमचा पूर्ण प्रयत्न राहील. थोडा वेळ द्यावा ही विनंती."

खरेदी_खातं (मंगळवार, रात्री ११:००)

ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हे वाचून मी तुमचं नाव यादीत तसंच ठेवीन. यात "नाही" कुठेच नाही. "पूर्ण प्रयत्न राहील" म्हणजे माझ्यासाठी हो. आणि "मोठ्या कंपन्यांची कामं" वाचून वाटतं, आमचं काम छोटं म्हणून मागे टाकलं.

पहिल्याच वाक्यात सांगा की १५ नोव्हेंबरपर्यंत ४,००० होणार नाहीत. मग एका ओळीत कारण, तुमचा व्हीएमसीचा आकडा. मग किती आणि कधी देऊ शकता. मग ती जागा कोणत्या दिवसापर्यंत राखून ठेवणार. मग दुसरा मार्ग. आणि ती ६०० कास्टिंग. त्याबद्दल तर तुम्ही काहीच लिहिलं नाही. मेल पाठवायच्या आधी फोन करा. असं आधी कानाने ऐकलेलं बरं असतं, आणि मेल मग मीटिंगमध्ये दाखवायला उपयोगी पडतो.

खटपट्या (मंगळवार, रात्री ११:१५)

जागा राखून ठेवायची तर अॅडव्हान्स मागा. फुकट कुणी जागा राखत नाही.

खरेदी_खातं (मंगळवार, रात्री ११:२२)

जॉबवर्कला अॅडव्हान्स आमच्या कंपनीत पास होत नाही, मागितला तर फाइल अकाउंट्सला जाऊन पडते. पीओ मागा. तारखेसकट पीओ म्हणजे बांधीलकीच.

जुना_सातपूरकर (बुधवार, सकाळी ७:००)

माझं यात थोडं वेगळं मत आहे. पीओ आला तरी कास्टिंग वेळेवर येईलच असं नाही. मी दोनदा व्हीएमसी रिकामं ठेवून फाउंड्रीच्या मालाची वाट बघितली आहे. पीओबरोबर "कास्टिंग २५ नोव्हेंबरपर्यंत गाळ्यात" ही अट घाला. ती चुकली तर आमची तारीखही तितकीच सरकेल, हेही लिहा. अॅडव्हान्सचं छोट्या पार्टीकडून मागावं की नाही यावर आमच्यात कधी एकमत झालं नाही.

अंबडची_लेक (बुधवार, दुपारी १२:४५)

ब्रॅकेटवाल्यांनी लेखी कळवलं, नोव्हेंबरनंतर लॉट नाही. शेजारच्या लेनमध्ये दोन व्हीएमसी असलेला एक गाळा आहे, त्यांनी आमची टॅपिंगची दोन कामं केली आहेत, तेवढ्या कामाची मला खात्री आहे. त्यांना विचारलं, ऑक्टोबरला साधारण १५० तास देऊ शकतात. आणि आत्ता साहेबांना फोन केला. हात थरथरत होता. मी म्हटलं, "सर, शुक्रवारी मी बघते म्हणाले, ते चुकलं. १५ नोव्हेंबरला ४,००० माझ्याकडून होणार नाहीत." पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "बरं झालं आत्ता सांगितलंत. मेल करा."

हा मेल पाठवला:

"नमस्कार सर, फोनवर बोलल्याप्रमाणे, १५ नोव्हेंबरपर्यंत ४,००० फ्लँज आम्ही देऊ शकणार नाही. आमच्या एकुलत्या व्हीएमसीचे ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचे जवळपास सर्व तास आधीच्या पीओंना दिलेले आहेत, आणि आपलं काम मध्ये घातलं तर आपल्यालाही आणि त्यांनाही दिलेली तारीख चुकेल.

आम्ही एवढं नक्की देऊ शकतो: ३१ ऑक्टोबरपर्यंत २५० नग, ३१ डिसेंबरपर्यंत २,३०० आणि २५ जानेवारीपर्यंत उरलेले १,४५०. डिसेंबरच्या लॉटचं कास्टिंग २५ नोव्हेंबरपर्यंत आमच्याकडे पोचलं पाहिजे, उशीर झाला तर तारीख तितकीच पुढे जाईल. ही जागा आपल्यासाठी पुढच्या शुक्रवारपर्यंत राखून ठेवते. त्याआधी पीओ आला तर ती आपली.

एवढं थांबता येत नसेल तर अंबडमध्येच दोन व्हीएमसी असलेलं एक युनिट आहे. त्यांनी आमचं टॅपिंगचं काम केलं आहे आणि ते आम्ही तपासलं आहे. त्यांच्या बाकी कामाबद्दल मला माहिती नाही. आपण हो म्हणालात तर ओळख करून देते. ड्रॉइंग मी कुणाला दिलेलं नाही. या व्यवहारात आमचा काही हिस्सा नसेल.

सोमवारी आलेली ६०० कास्टिंग मोजून बांधलेलीच ठेवली आहेत, काम सुरू केलेलं नाही. २५० ठेवायची की सगळी परत पाठवायची, आपण सांगाल तसं करते."

खरेदी_खातं (बुधवार, दुपारी १:३०)

असा मेल मला आला तर मी तो तसाच मीटिंगमध्ये वाचून दाखवीन.

एकच भर. कास्टिंग थेट त्या दुसऱ्या युनिटकडे गेली तर ती तुमच्याकडून न जाता कंपनीच्या चलनावर हलू द्या, किंवा तुमच्याकडे आलेल्या चलनावर रीतसर एन्डॉर्स करून. जीएसटीत एका जॉबवर्करकडून दुसऱ्याकडे माल पाठवता येतो, पण कागद नीट हवा. वर्षाच्या आत माल मूळ कंपनीकडे परत यायचा असतो, आणि तो हिशेब कंपनीला दाखवावा लागतो. नुसतं टेम्पोत टाकून शेजारी पाठवू नका.

अंबडची_लेक (गुरुवार, रात्री ९:२०)

उत्तर आलं. २५० नग हवेत, पीओ उद्या. त्यातल्या पहिल्या पाच नगांचा तपासणी अहवाल आधी मागितलाय. कास्टिंगपैकी ३५० परत नेणार आहेत.

उरलेल्या ३,७५० बद्दल त्यांनी जे विचारलं ते मला सुचलंच नव्हतं. म्हणाले, "टर्निंग तुमच्याकडे करा, लेथ तर मोकळे आहेत ना? भोकं आणि टॅपिंग त्या दुसऱ्या युनिटकडे. ते युनिट आम्ही स्वतः येऊन बघू आणि पास करू, दोन वेगळे पीओ काढू." म्हणजे खटपट्यादादा म्हणत होते तेच, फक्त उघडपणे. वडील खूश आहेत. डिसेंबर-जानेवारीच्या जागेबद्दल मात्र काही बोलले नाहीत.

मला भीती एकाच गोष्टीची वाटते. भोकं जागेवर आली नाहीत तर दोष कुणाचा?

जुना_सातपूरकर (गुरुवार, रात्री १०:१०)

भीती योग्य आहे. व्हीएमसीवर नग तुमच्या टर्निंगच्या बोअरवर बसणार. बोअर मोठं झालं किंवा त्यांच्या फिक्स्चरची पिन बारीक असली, तरी परिणाम एकच दिसतो, सहाही भोकं एका बाजूला सरकलेली. मग दोन्ही गाळे एकमेकांकडे बोट दाखवतात.

म्हणून तुमच्याकडून निघताना प्रत्येक नगाचं बोअर प्लग गेजने तपासा, आणि त्याच गेजची जोडी त्यांच्याकडेही असू द्या, त्यांनी घेताना तपासावं. पहिले दहा नग त्यांच्याकडे तुम्ही स्वतः उभं राहून करून घ्या. रिजेक्शन कुणाच्या खात्यात कसं जाईल हे दोन्ही पीओंवर लिहून घ्या. मुळात त्यांचे ऑक्टोबरचे १५० तास म्हणजे सेटिंग धरून जेमतेम २,१०० नग. ३,७५० नाहीत. हे साहेबांच्या लक्षात आलंय का?

अंबडची_लेक (गुरुवार, रात्री १०:३५)

नाही. माझ्याही नव्हतं. त्यांना नोव्हेंबरचे तास विचारते आणि सकाळी साहेबांना फोन करते, पीओ निघायच्या आधी.

फराळाची_चूल (गुरुवार, रात्री १०:५०)

बाई, पीओ निघाला की इथे कळव. आणि मामांना रात्रपाळीत चहा दे.